पीएच पुन्हा पुन्हा खाली का येतो?

नमस्कार ताई,
माझ्याकडे तीन फुटी टँक आहे, चार वर्षं झाली. मोली, गप्पी आणि दोन मोठे एंजल. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, म्हणून कमी झालं की वरून फक्त भर घालतो. पीएच ६ दाखवतो. दुकानदाराने दिलेलं पीएच वाढवायचं औषध बूचभर टाकलं की ७.४ होतो, दोन दिवसांत परत ६. नवीन मासे आणले की दुसऱ्या दिवशी मरतात, जुने मात्र मजेत. गेल्या रविवारी कंटाळून अर्धं पाणी बदललं, औषधही टाकलं, तर रात्रीपर्यंत जुन्यांतले तीन मोली गेले. पाणी बदललं तर मासे मरतात, नाही बदललं तर पीएच पडतो. नेमकं काय करू?
— एक वाचक, पुणे

नमस्कार दादा,

ती बाटली आज कपाटात ठेवून द्या आणि पुन्हा काढू नका. दोन दिवस माशांना खाणं घालू नका, धडधाकट मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. आणि एका वेळी अर्धं पाणी काढणं तूर्त बंद. कारण वाचल्यावर पटेलच, पण हे आधी करा आणि मग पुढचं वाचा.

तुम्ही पीएचच्या मागे लागला आहात, आणि दोष तुमच्या पीएचमध्ये नाहीच. शेतकऱ्यांच्या माती परीक्षणाच्या कागदावर ज्याला सामू म्हणतात तोच हा पीएच. पाणी या क्षणी किती आम्ल आहे एवढंच तो सांगतो. उद्या त्यात आणखी आम्ल मिसळलं तर ते पचवायची ताकद पाण्यात किती शिल्लक आहे, हे त्याला माहीत नसतं. ती शिल्लक वेगळी मोजावी लागते. तिला अल्कलिनिटी म्हणतात आणि मासे पाळणारे केएच म्हणतात. तुमच्या पत्रात पीएच तीन वेळा आला, केएच एकदाही नाही. तुमच्या टँकमधलं केएच जवळजवळ शून्य झालेलं असणार, असं मी न मोजताच सांगते. शंभरएक लिटर पाण्याचा पीएच एका बुचाने ६ वरून ७.४ वर उडी मारतो, हाच त्याचा पुरावा. पाण्यात शिल्लक असती तर ते बूचभर औषधाला इतक्या सहज बधलं नसतं. जे पाणी बुचाने वर जातं तेच पाणी चिमूटभर आम्लाने खाली येतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर स्वयंपाकघरात दहा मिनिटांचं काम आहे. दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हींत अर्धा अर्धा ग्लास आरओचं पाणी. एकात खाण्याचा सोडा अगदी छोटी चिमूट टाकून ढवळा. मग तुमच्या पीएच किटमधल्या द्रवाचे पाच-सहा थेंब दोन्हींत टाका. सोड्याचा ग्लास निळा होईल, साधा हिरवट किंवा पिवळट. आता ड्रॉपरने पांढरं व्हिनेगर थेंब थेंब सोडा. साधा ग्लास पहिल्याच थेंबाला लख्ख पिवळा होतो. सोड्याचा निळ्यावरून हिरव्यावर येतो आणि तिथेच कितीतरी वेळ अडून बसतो. थांबून चमच्याने जोरात ढवळलंत तर हिरवा रंग परत निळसर होताना दिसेल. थेंब टाकत राहिलात की शेवटी मात्र तोही पिवळा पडतो, आणि पडतो तेव्हा दोन-तीन थेंबांत पडतो.

सगळी गोष्ट त्या दुसऱ्या ग्लासात आहे. सोड्यातलं बायकार्बोनेट आलेलं आम्ल पकडतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतं. लिंबूसोड्यात फसफसतो तोच वायू. ढवळलं की तो हवेत निघून जातो आणि पाणी पुन्हा जागेवर येतं. यालाच बफर म्हणतात. पण आम्लाच्या प्रत्येक कणामागे बायकार्बोनेटचा एक कण खर्ची पडतो. तो खर्च होत असताना पीएच फारसा हलत नाही, म्हणून आपल्याला काही कळत नाही. शिल्लक संपली की तोच पीएच एकदम कोसळतो. तुमच्या टँकमध्ये ही शिल्लक कधीतरी दोन-तीन वर्षांपूर्वीच संपली असावी.

आता हे आम्ल येतं कुठून? ते मासेच तयार करतात, म्हणजे खरं तर आपण घातलेलं खाणं. मासे खाण्यातल्या प्रथिनांचा अमोनिया करून कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. फिल्टरच्या स्पंजमधले जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम माशांच्या जिवासाठी हवंच, पण त्यात आम्ल तयार होतं. अमोनियातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन निस्तरताना जीवाणू पाण्यातली सुमारे सात मिलिग्रॅम अल्कलिनिटी संपवतात. म्हणजे फिल्टर जितका चांगला चालेल तितकी शिल्लक जोरात संपते. टँकमध्ये लाकडाचा ओंडका किंवा बदामाची पानं असतील तर त्यांचंही थोडं आम्ल त्यात पडतं, पण मोठा वाटा खाण्याचाच.

तुमच्या टँकचा हिशोब मांडून बघू. तीन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी शंभर लिटरच्या आसपास राहतं. रोज एक ग्रॅम कोरडं खाणं धरू. त्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात. त्यांतला निम्मा नायट्रोजन जरी अमोनिया होऊन बाहेर आला तरी रोज लिटरमागे दोन मिलिग्रॅमहून थोडी जास्त अल्कलिनिटी संपते. केएचची एक डिग्री म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. तेव्हा रोज अष्टमांश डिग्री गेली, आठवड्याला जवळजवळ एक.

आणि येते किती? पुण्याचं नळाचं पाणी म्हणजे पानशेत, वरसगाव, खडकवासला या धरणांत साठलेला सह्याद्रीचा पाऊस. तो काळ्या पाषाणावरून वाहत येतो, आणि त्या दगडात चुनखडीसारखं पटकन विरघळणारं काही नसतं. म्हणून पाणी मऊ. तुमच्या नळाचं केएच २ आहे असं मी धरते. (इमारतीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असतील तर आकडा कितीतरी जास्त येईल, म्हणून मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.) टँक पूर्ण ताज्या पाण्याने भरलात तरी या हिशोबाने ती शिल्लक सोळा दिवसांत संपते. तुम्ही तर फक्त बाष्पीभवनाने उडालेलं भरत होतात, म्हणजे आठवड्याला दोन-चार लिटर. ती भर खर्चाला कुठे पुरणार!

एक गैरसमज इथेच काढते, कारण तो मराठीत बोलताना हमखास होतो. ‘आमच्या पाण्यात क्षार भरपूर आहेत, टीडीएस मीटर ४०० दाखवतो, मग केएच कसं कमी असेल?’ असं मला बरेच जण विचारतात. क्षार म्हणजे पाण्यात विरघळलेलं कुठलंही मीठ. नायट्रेटही त्यातच आलं, आणि जुन्या टँकमध्ये ते साचून टीडीएस वाढतच जातो. केएच म्हणजे त्यातलं फक्त आम्ल पचवणारं, मुख्यतः बायकार्बोनेट. टीडीएस ४०० आणि केएच शून्य असे टँक मी स्वतः मोजले आहेत. केएच हे नाव जर्मनमधल्या कार्बोनेटच्या कठीणपणासाठीच्या शब्दावरून आलं, म्हणून त्याला कठीणपणा समजायची चूक होते. कठीणपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, त्याची चाचणी निराळी.

आता तुमच्या मोलींचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश वाचा.

पीएच ६.५ च्या खाली गेला की फिल्टरमधले ते जीवाणू मंदावतात आणि ६ च्या खाली जवळजवळ काम थांबवतात. अमोनिया मात्र रोज येतच राहतो आणि साचतो. मग मासे मरत का नाहीत? कारण आम्ल पाण्यात अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, आणि अमोनियम माशांना फारसा त्रास देत नाही. पीएच जसा वर जातो तसा त्याचा विषारी अमोनिया होतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ६ ला दहा हजारांत सहा भाग विषारी असतात, ७ ला सुमारे सत्तावन्न, ८ ला पाचशेच्या वर. पीएचची एक पायरी चढली की विष जवळजवळ दहापट.

समजा, रविवारी सकाळी तुमच्या टँकमध्ये एकूण अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅम होता. इतक्या जुन्या आणि ६ ला टेकलेल्या टँकमध्ये हा आकडा मला अजिबात आश्चर्याचा वाटणार नाही. तुम्ही अर्धं पाणी बदललंत, अमोनिया २ वर आला. पण ताज्या पाण्याने आणि औषधाने मिळून पीएच ७.६ च्या आसपास गेला असेल, तर विषारी भाग शेकडा ०.०६ वरून शेकडा २ च्या वर गेला. अमोनिया निम्मा झाला आणि विष मात्र वीसएक पट. मोली त्याने गेले. तुमच्या पाणी बदलण्यात चूक नव्हती, चूक एका दमात बदलण्यात झाली, आणि ते कळायला तुमच्याकडे काही साधन नव्हतं.

हे मी इतकं ठामपणे सांगते कारण माझ्याच घरी हे घडलंय. सहा वर्षं सांभाळलेली एंजलची जोडी होती. घर रंगवायला काढलं, टँक हलवायचा होता, म्हणून मी मोठ्या उत्साहाने पाऊण टँक पाणी बदललं, स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला. संध्याकाळी दोघं पृष्ठभागाला तोंड लावून वर आले, कल्ले भराभर चालू, कल्ल्यांची कड लालभडक. मला वाटलं क्लोरीन राहिला असेल, म्हणून आणखी पाणी बदललं. सकाळी मादी तळाला आडवी होती. त्या दिवशी माझ्याकडे अमोनियाची पंधरा-वीस थेंबांची साधी चाचणी असती तर मी थांबले असते. म्हणून तुम्हाला ती आजच आणायला सांगते.

नवीन मासे मरतात तेही यातूनच. तुमचे जुने मासे महिनोन्‌महिने हळूहळू आम्ल होत गेलेल्या पाण्याला सरावले आहेत. दुकानातला मासा कदाचित बोअरच्या, पीएच ८ च्या पाण्यातून येतो आणि पिशवीतून थेट ६ मध्ये उतरतो. ६ म्हणजे ८ च्या शंभरपट आम्ल. त्यात नायट्रेटचा आणि अमोनियाचा साठा. जुना मासा जगतोय म्हणून पाणी चांगलं, हा निष्कर्ष मासे पाळण्यात सगळ्यात जास्त फसवतो.

आता काय करायचं ते.

दुकानातून केएच आणि अमोनिया, दोन्हींची थेंबांची किट आणा. पट्ट्या नकोत, कमी केएचला त्या नीट सांगत नाहीत. केएचची चाचणी सोपी आहे. नळीत ५ मिलिलिटर पाणी, एक थेंब टाकायचा, झाकण लावून हलवायचं, मग पुढचा. पाणी आधी निळं होतं आणि एका थेंबाला पिवळं पडतं. जितके थेंब लागले तितक्या डिग्री. तुमच्या टँकच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला पिवळं होईल, निळं दिसणारच नाही. तसं झालं तर किट खराब आहे समजू नका, त्याचा अर्थ केएच एकच्या खाली. शंका असेल तर १० मिलिलिटर घ्या, मग प्रत्येक थेंब अर्ध्या डिग्रीचा. (काही किटमध्ये रंग वेगळे असतात, कागद वाचून घ्या.)

आणि तुमच्या पीएच किटबद्दल एक. बहुतेक साध्या किटचा रंग ६ ला पूर्ण पिवळा होतो आणि त्याच्या खाली पिवळाच राहतो. तुमचा ‘६’ खरं तर ५.५ असू शकतो, ५ सुद्धा. त्यामुळे आत्ता त्या आकड्यावर काही ठरवू नका.

नळाचं पाणीही मोजा, पण बादलीत रात्रभर हवेचा दगड सोडून मग. नळातून नुकतंच आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त असतो आणि तो पीएच हलवतो. केएचला त्याने फरक पडत नाही.

मग अमोनियाचा आकडा काय येतो त्यावर पुढचं. लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आला तर सोडा अजून नाही. रोज दहा टक्के, म्हणजे दहा लिटर पाणी बदला. क्लोरीन काढायचे खडे घालून, टँकच्या तापमानाचं, आणि बारीक नळीने अर्ध्या तासात हळूहळू सोडलेलं. आठवडाभरात साचलेला अमोनिया जवळजवळ निम्मा होतो, आणि पीएच एकदम न उडता थोडा थोडा चढतो. खाणं दोन दिवसांनी सुरू करा, पण चिमूटभर, एक दिवसाआड. फिल्टरचा स्पंज या काळात धुऊ नका. फारच भरला असेल तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून परत ठेवा. झोपलेले असले तरी जीवाणू त्यातच आहेत. या दिवसांत कुठलाही मासा वर येऊन धापा टाकायला लागला तर त्या दिवशीचं पाणी बदलणं थांबवा, हवा वाढवा आणि अमोनिया, पीएच लगेच मोजा.

अमोनिया ०.५ च्या खाली आला की खाण्याचा सोडा. किराणा दुकानात मिळतो तोच, पाकिटावर सोडियम बायकार्बोनेट लिहिलेला. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. धुण्याचा सोडा तर अजिबात नको, तो पीएच झटक्यात वर नेतो. शंभर लिटरला तीन ग्रॅम सोड्याने केएच एक डिग्री वाढतं. तुम्ही रोज दीड ग्रॅमच घाला, म्हणजे अर्धी डिग्री. चहाचा सपाट चमचा साडेचार-पाच ग्रॅमचा, तेव्हा त्याचा तिसरा हिस्सा. सोनाराकडच्यासारखा छोटा वजनकाटा मिळाला तर उत्तमच. सोडा मगभर टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवा आणि फिल्टरच्या धारेत हळू ओता. कोरडी पूड वरून भुरभुरवू नका. रोज सकाळी, सोडा घालायच्या आधी केएच, पीएच आणि अमोनिया वहीत लिहा. सात-आठ दिवसांत केएच ४ वर येईल. तिथे थांबा.

या टप्प्यावर पीएच कितीवर आला याची फार काळजी करू नका. केएच ४ असलेल्या, हवा नीट खेळणाऱ्या टँकमध्ये तो साडेसातच्या आसपास जाऊन स्वतःच स्थिरावतो. पीएच बरोबर ७ च हवा, हा हट्ट मनातून काढा. मोलींना ७.५ आवडतोच, गप्पींचंही तेच, आणि आपल्याकडे विकत मिळणारे एंजल पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले असतात, त्यांना तो चालतो. सगळ्यांना हवा असतो तो न हलणारा आकडा. पहाटे आणि संध्याकाळी मोजून पाहा. झाडं भरपूर असतील तर दिवसात थोडा फरक पडतो, दोन-तीन दशांशांचा. अर्ध्याहून जास्त पडला तर शिल्लक अजून अपुरी आहे.

सोडा घालायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट वर येऊ शकतो, कारण जीवाणू जागे होतात ते एका वेळी नव्हे, आधी अमोनियावाले, मग नायट्राइटवाले. त्याची चाचणीही मिळते. दिसला तर खाणं कमी आणि रोजचे दहा लिटर चालू ठेवा.

आता कायमची व्यवस्था. इथे बहुतेक जण सांगतात, दर आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदला म्हणजे झालं. तुमच्या पाण्याला ते पुरत नाही. केएच ४ वरून आठवड्यात ०.९ गेलं, राहिलं ३.१. पाव टँक काढून २ डिग्रीचं पाणी भरलं की झालं २.८. पुढच्या आठवड्यात २ च्या खाली, आणि महिना-सव्वा महिन्यात पुन्हा शून्य. म्हणून पंचवीस लिटर पाणी बदलताना त्यासोबत साडेतीन ग्रॅम सोडा, म्हणजे सपाट पाऊण चमचा, घालायचा. त्याने तूट बरोबर भरून निघते. हा आकडा माझ्या गृहीतांवरचा आहे. मासे वाढले, खाणं वाढलं की तो वाढेल, दाट झाडं लावलीत तर कमी होईल, कारण झाडं अमोनिया जीवाणूंच्या आधी उचलतात. महिनाभर पाणी बदलायच्या आधी केएच मोजत राहा. ते ३ च्या खाली जात असेल तर पाव चमचा वाढवा, ४ च्या वर साचत असेल तर कमी करा.

सोड्याची एक मर्यादा आहे. त्यातून सोडियम येतं, कॅल्शियम येत नाही, आणि मोलींना कॅल्शियम हवं असतं. म्हणून मी सोड्याच्या जोडीला शिंपले ठेवते. घरी तिसऱ्यांचं सुकं किंवा आमटी होत असेल तर ते शिंपले टाकू नका. सोड्याच्या पाण्यात उकळा, आतला स्नायूचा तुकडा खरवडून काढा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग फडक्यात गुंडाळून बत्त्याने हरभऱ्याएवढे तुकडे करा. त्यातल्या दोन मुठी जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या वाहत्या पाण्यात ठेवा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल होऊ लागलं की तो विरघळतो आणि आम्ल कमी झालं की विरघळणं जवळजवळ थांबतं, त्यामुळे तो जास्त झाला अशी भीती नाही. कामाला मात्र संथ. त्याच्यावर गाळाचं बुळबुळीत आवरण चढलं की आणखी संथ होतो, म्हणून महिन्यातून एकदा पिशवी खळबळून घ्या. आणीबाणीत त्याच्यावर विसंबू नका, तिथे सोडाच. तिसऱ्या खात नसाल तर पांढऱ्या संगमरवराची चुरी चालते. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले की ती उपयोगाची. समुद्रातून काढलेलं पोवळं कुणी देऊ केलं तर घेऊ नका, आपल्याकडे दगडी पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

इमारतीत बोअरचं पाणी असेल तर आधी ते मोजा. दख्खनच्या बोअरमध्ये केएच बऱ्याचदा दहाच्या वर निघतं. तसं निघालं तर सोडा-शिंपल्यांची गरजच नाही, दर आठवड्याच्या पंचवीस लिटरमध्ये आठ-दहा लिटर बोअरचं आणि उरलेलं नळाचं घातलं की काम झालं.

नवीन मासे इतक्यात आणू नका. केएच ४ च्या जवळ, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, असं सलग तीन आठवडे वहीत दिसू दे. मग दुकानाच्या पाण्याचा पीएच विचारण्यापेक्षा पिशवीतलंच थोडं पाणी मोजा. मासा भांड्यात काढून हवेच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब त्यात सोडा, तासभर, भांड्यातलं पाणी तिप्पट होईपर्यंत. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

शेवटचं म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये धरणाचं पाणी गढूळ येतं, ते निवळायला जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा तिच्याच जातीचं रसायन जास्त घालावं लागतं, आणि एक मिलिग्रॅम तुरटी अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. शिवाय पावसाचं नवं पाणी मुळातच मऊ. त्या दोन महिन्यांत नळाचं केएच २ वरून १ वर आलेलं दिसलं तर दर आठवड्याचा सोडा पाऊण ग्रॅमने वाढवा, आणि नवरात्राच्या सुमाराला पुन्हा मोजून पूर्ववत करा.

पहिल्या आठवड्याचे तिन्ही आकडे, टँकचे आणि नळाचे, मला कळवा. नळाचं केएच २ पेक्षा वेगळं निघालं तर वरचा चमच्यांचा हिशोब बदलेल, तो मी तुमच्या आकड्यांवर पुन्हा मांडून देईन.

— ताई